अ‍ॅलर्जी आणि पथ्यं सांभाळून एआयकडून पाककृती घेताना: प्रॉम्प्ट कसा लिहायचा, कोणत्या क्रमाने आणि कुठे चुकतं

कोकणात न्याहारी-निवास चालवणाऱ्या घरांत आणि गणपतीला माणसांनी भरलेल्या घरांत आता पाककृती फोनवरच्या एआय मदतनिसाला विचारली जाते. विचारणं बहुतेक एका ओळीत उरकलं जातं: "मुलाला काजूची अ‍ॅलर्जी आहे, नारळ कमी आहे, बांगड्याचं कालवण सांग." पाककृती लगेच मिळते आणि वाचायलाही छान वाटते. पण नारळ कमी म्हटल्यावर रस्सा दाट करायला काजूची पेस्ट सुचवली जाणं ही अगदी नेहमीची गोष्ट आहे. अ‍ॅलर्जी वाक्याच्या सुरुवातीला सांगितली होती, पण अदलाबदल करताना तिच्याकडे पुन्हा कोणी पाहिलंच नाही.

बहुतेक चुका अशाच होतात. मूळ पाककृतीत धोका नसतो, बदललेल्या पाककृतीत तो शिरतो. म्हणून मदतनिसाला लिहून द्यायची सूचना, म्हणजे प्रॉम्प्ट, अशी हवी की आधी प्रत्येक जिन्नस कशाचा बनलाय ते उघड होईल, मग अदलाबदल होईल, आणि अदलाबदलीनंतर तपासणी पुन्हा होईल. हा क्रम कसा बसवायचा ते टप्प्याटप्प्याने पाहू.

## टप्पा १: फोन हातात घेण्याआधी माणसांची नोंद

कागद घ्या आणि जेवणारी माणसं एकेका ओळीत लिहा. प्रत्येकापुढे बंधन कोणत्या प्रकारचं आहे ते लिहा, कारण तिन्ही प्रकारांना नियम वेगळे लागतात.

पहिला प्रकार अ‍ॅलर्जी आणि सीलिअ‍ॅक यांचा. इथे "थोडं चालेल" हा विषयच नाही. सीलिअ‍ॅक म्हणजे काटेकोर अर्थाने अ‍ॅलर्जी नव्हे. त्यात गव्हातल्या आणि जवातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होते आणि ती लगेच दिसेलच असं नाही. पण स्वयंपाकघरासाठी नियम एकच: अंशही नको.

दुसरा प्रकार दुखण्याच्या पथ्याचा. रक्तदाबात मीठ कमी, मधुमेहात भात मोजून. इथे प्रमाणाचा प्रश्न असतो.

तिसरा प्रकार आवडीचा आणि पाळण्याचा. श्रावणात मासे नाहीत, संकष्टीला उपास, कांदा-लसूण नाही. उपासाला काय चालतं हे घरागणिक वेगळं असतं, त्यामुळे "उपासाचं" एवढंच न लिहिता तुमच्या घरात काय चालतं ते लिहा.

पाहुणे फोनवर "गहू नको हं" एवढंच सांगून मोकळे होतात. त्या वेळी पुढचा प्रश्न विचारायचा. घरची वहिनी आणि पाहुण्या ताई यांचं हे बोलणं पाहा:

"ताई, गहू पचत नाही म्हणून नको, की डॉक्टरांनी बंद केलाय?"

"बंदच केलाय. सीलिअ‍ॅक आहे मला."

"मग चपाती लाटलेल्या पोळपाटावर तांदळाची भाकरी थापली तर?"

"नाही चालणार. तेवढ्यानेही त्रास होतो."

शेवटचा प्रश्न विचारला नसता तर "गहू नको" ही नोंद आवडीच्या रकान्यात गेली असती.

चूक: "नट्स नकोत" असं लिहिणं. त्यात काजू, बदाम, शेंगदाणे, नारळ असं काहीही धरलं जाऊ शकतं. शेंगदाणा हे कडधान्यांच्या कुळातलं बी आहे, काजू झाडावरचं फळ, आणि एकाची अ‍ॅलर्जी असली म्हणजे दुसऱ्याची असतेच असं नाही. नारळाचा घोळ आणखी मोठा. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नारळ कित्येक वर्षं काजू-बदामाच्या गटात मोजला होता आणि जानेवारी २०२५ मध्ये तो त्या गटातून काढला. जुन्या मजकुरावर शिकलेला मदतनीस आजही काजूच्या अ‍ॅलर्जीसाठी नारळावर लाल खूण करू शकतो. आपल्याकडे नारळाचा चव पडत नाही असा पदार्थ विरळा. प्रत्येक ओळीवर इशारा आला की माणूस इशारे वाचणंच सोडतो आणि खरा इशाराही नजरेतून सुटतो. म्हणून जिन्नसाचं नाव घेऊनच लिहा: "काजू बंद. नारळ चालतो, नेहमी खातो."

प्रॉम्प्टचा पहिला भाग असा होईल:

```
जेवणारी माणसं:
१) मुलगा, ८ वर्षं. काजूची अ‍ॅलर्जी, डॉक्टरांनी
   निदान केलेली. पिस्ताही बंद. अंशही चालत नाही.
   नारळ, शेंगदाणे चालतात.
२) ताई. सीलिअ‍ॅक. गहू, रवा, मैदा, जव बंद.
   अंशही चालत नाही.
३) आजोबा. रक्तदाब, मीठ कमी. अ‍ॅलर्जी नाही.
४) आणखी तिघं. बंधन नाही.
```

पिस्ता तिथे उगाच लिहिलेला नाही. काजू आणि पिस्ता एकाच कुळातले आहेत आणि ज्याला काजू बाधतो त्याला पिस्ताही बाधण्याची शक्यता मोठी असते. पण कोणाला काय बंद हे त्याच्या डॉक्टरांनीच ठरवायचं. मदतनिसाकडून अ‍ॅलर्जीचं निदान करून घेऊ नका.

तपासा: माणसांची खरी नावं, फोन नंबर, दवाखान्याचे कागद यांतलं काहीही प्रॉम्प्टमध्ये घालायची गरज नाही. "मुलगा", "ताई" पुरे.

## टप्पा २: साहित्याची यादी, आणि प्रत्येक जिन्नस आला कुठून

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. फडताळ उघडून बघून लिहा, आठवून लिहू नका.

प्रमाण लिहा. "नारळ आहे" आणि "नारळ एकच आहे" यांत सगळं जेवण बदलतं. शेवटी "एवढंच आहे" असं लिहा, नाहीतर यादीत नसलेल्या चार वस्तू पाककृतीत येतील आणि तिठ्यावरचं दुकान संध्याकाळी बंद झालेलं असेल.

वेळही साहित्यातच धरा. काळ्या वाटाण्याची उसळ सुचवली गेली आणि वाटाणे भिजतच घातलेले नाहीत, तर ती सूचना त्या रात्रीसाठी फुकट.

मग प्रत्येक जिन्नसापुढे लिहा: घरचा, पाकिटातला की गिरणीतला. हा रकाना लोक गाळतात आणि नेमके तिथेच फसतात.

हिंगाची डबी घ्या आणि मागची बारीक अक्षरं वाचा. बाजारातलं बरंचसं हिंग शुद्ध नसतं. हिंगाचा तीव्रपणा कमी करायला त्यात पीठ मिसळलेलं असतं, आणि ते पुष्कळदा गव्हाचं किंवा मैद्याचं असतं. काही डब्यांत तांदळाचं पीठही असतं. म्हणजे फोडणीतली चिमूट सीलिअ‍ॅक असलेल्या माणसाला बंद आहे की नाही, हे त्या एका डबीवरच ठरतं.

पाकिटांसाठी एक गोष्ट ठाऊक असू द्या. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबलच्या नियमांनुसार ठरावीक गोष्टींचा अ‍ॅलर्जीचा इशारा छापावा लागतो: ग्लुटेन असलेली धान्यं, कवचाचे मासे म्हणजे कोळंबी-खेकडे, मासे, अंडी, दूध, शेंगदाणे आणि काजू-बदामांसारखी फळं, सोयाबीन, आणि ठरावीक प्रमाणापुढचे सल्फाइट. तीळ आणि मोहरी या यादीत नाहीत. तिसऱ्या आणि कालवं हे शिंपलेही नाहीत. त्यामुळे या चारांपैकी कशाची अ‍ॅलर्जी असेल तर खालचा ठळक इशारा पाहून थांबू नका, घटकांची पूर्ण यादी वाचा. तिथेही नुसतं "मसाले" एवढंच छापलेलं असू शकतं. मग तो जिन्नस वापरायचा नाही.

आता गिरणी. तांदळाचं पीठ म्हटलं की मदतनीस ते ग्लुटेन नसलेलं म्हणून बिनधास्त पुढे करतो, आणि तांदळापुरतं ते खरंच आहे. पण गावच्या गिरणीत तुमच्या तांदळाच्या आधी त्याच जात्यातून कुणाचे तरी गहू दळून गेलेले असतात. पहिल्या काही मुठींत तर ते पीठ नक्कीच येतं. मालवणी वड्यांचं पीठही पाहा. ते तांदूळ-उडदाचं म्हणून ओळखलं जात असलं तरी पुष्कळ घरांत त्यात गहू पडतो. कोकणातल्या स्वयंपाकघराबाहेरच्या माणसाला हे सुचत नाही. मदतनिसालाही सुचत नाही. ते तुम्हीच लिहायचं.

### नावांचा गोंधळ

आपल्या नावांनी मदतनीस चुकतो. जवळा, सोडे, करंदी ही सगळी कोळंबीचीच भावंडं आहेत. वांग्यात सोडे किंवा दोडक्यात जवळा घातला की "वांग्याची भाजी", "दोडक्याची भाजी" अशा साध्या नावाखाली कोळंबी ताटात येते. शिजवून, वाळवून किंवा तळून ती निरुपद्रवी होत नाही, कारण कोळंबीतलं ज्या प्रथिनाने मुख्यतः अ‍ॅलर्जी होते ते उष्णतेला टिकतं. उलट दिशेनेही चूक होते. आपले शिरवाळे तांदळाचे, पण मदतनीस त्यांना शेवया समजून गव्हाचे ठरवेल. म्हणून नावापुढे वर्णन द्या: "जवळा, म्हणजे वाळवलेली बारीक कोळंबी." "कुर्ल्या, म्हणजे खेकडे." "तिसऱ्या, म्हणजे शिंपल्यातलं मांस."

यादी अशी दिसेल:

```
साहित्य (एवढंच आहे, बाहेरून आणता येणार नाही):
बांगडे ६ | नारळ १ | बटाटे ५ | कांदे ४ | लसूण १ गड्डा
ओले काजूगर २ वाट्या
तांदूळ, घरचे | तांदळाचं पीठ, गिरणीतलं
रवा | हिंग, डबीतलं, घटकांत गव्हाचं पीठ छापलंय
आगळ १ वाटी, म्हणजे कोकमाचा मीठ घातलेला रस
बेडगी मिरच्या, धणे, हळद, तिरफळं, मिरी
हिरव्या मिरच्या, कोथिंबीर, खोबरेल, मीठ
वेळ: दोन तास. काही भिजत घातलेलं नाही.
```

## टप्पा ३: नियम

हा प्रॉम्प्टचा कणा. एकदा नीट लिहून फोनमध्ये जपून ठेवायचा आणि दर वेळी माणसं व साहित्य बदलून वापरायचा.

```
तू घरच्या स्वयंपाकात मदत करतोस. नियम:
१. पाककृती लगेच लिहू नकोस. आधी वापरायचा प्रत्येक
   जिन्नस कशाचा बनतो ते एकेका ओळीत लिही.
२. नाव ओळखीचं नसेल किंवा दोन अर्थ होत असतील
   तर अंदाज करू नकोस, मला विचार.
३. पाकिटातल्या किंवा गिरणीतल्या जिन्नसाचे घटक
   मी दिले नसतील तर "तपासा" लिही.
४. यादीबाहेरचं काही सुचवलंस तर पुढे "नवं" लिही.
५. प्रत्येक अदलाबदलीनंतर पूर्ण यादी प्रत्येक
   माणसाशी पुन्हा ताडून पाहा.
६. निकाल तीनच: "बंद", "तपासा", "दिलेल्या यादीत
   सापडलं नाही". "सुरक्षित" हा शब्द वापरू नकोस.
७. अ‍ॅलर्जीचा जिन्नस "थोडा घाला" किंवा "शिजवला
   की चालेल" असं सुचवू नकोस.
८. मी "पुढे" लिहिल्यावरच पाककृती लिही.
```

यातले दोन नियम लोक अनावश्यक समजून काढून टाकतात, म्हणून त्यांच्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते.

सहावा नियम. मदतनिसाला डबी दिसत नाही, गिरणी दिसत नाही, काल त्याच कढईत काय तळलं ते त्याला माहीत नाही. मग "सुरक्षित" हे तो कशाच्या आधारावर म्हणणार? तरीही "हे सुरक्षित आहे ना?" असं विचारलं तर होकार येण्याकडेच त्याचा कल असतो, आणि तो होकार वाचून घरातलं माणूस निर्धास्त होतं. "दिलेल्या यादीत सापडलं नाही" हे वाक्य खरं आहे आणि यादीत काय राहिलं हा पुढचा प्रश्न ते तुमच्यावर सोडतं.

आठवा नियम. तपासणी आणि पाककृती एकाच उत्तरात आली तर बोट सरळ कृतीकडे सरकतं आणि वरचे इशारे वाचायचे राहतात. "पुढे" लिहायची अट घातली की मध्ये एक थांबा येतो. त्या थांब्यात डबी पालथी करून वाचता येते.

इशारा: मिठाच्या पथ्यासाठी मदतनीस दोन गोष्टी हमखास सुचवतो. एक म्हणजे सैंधव. तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच आहे, रक्तदाबासाठी त्याने काही साधत नाही. दुसरं "कमी सोडियमचं मीठ". त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं. मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्या चालू असतील तर शरीरात पोटॅशियम साचून ते धोक्याचं ठरतं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. नियमांत नववी ओळ घाला: "मिठाला पर्याय सुचवू नकोस, मीठ कमी कसं करायचं तेवढंच सांग."

## टप्पा ४: मागणी, आणि तीन फेऱ्या

आता तिन्ही भाग एकाखाली एक चिकटवा आणि शेवटी मागणी लिहा. आपल्या उदाहरणात ती अशी: बांगड्याचं कालवण, तळलेले बांगडे, काजूगराची उसळ, सोलकढी आणि भात, सहा जणांसाठी.

पहिली फेरी, जिन्नस उलगडणं. नियम नीट लागू झाले तर या यादीत पाच खुणा यायलाच हव्यात. काजूगर मुलासाठी बंद. रवा ताईंसाठी बंद. हिंग ताईंसाठी बंद, कारण आपण घटक लिहिले आहेत. गिरणीतलं तांदळाचं पीठ ताईंसाठी "तपासा". आणि आगळात मीठ आहे अशी आजोबांसाठी नोंद. यांतली एक जरी आली नाही तरी तिथेच थांबा आणि राहिलेल्या जिन्नसाचं नाव घेऊन तो पुन्हा तपासायला सांगा. नारळावर मुलासाठी खूण आली असेल तर "नारळ चालतो असं वर लिहिलंय" असं सांगून ती काढायला लावा.

दुसरी फेरी, अदलाबदल. एक एक पदार्थ घ्या, सगळे एकदम नको.

काजूगराची उसळ रद्द. तिच्या जागी बदाम किंवा दुसरं असलंच फळ सुचवलं गेलं तर ते "नवं" आहे म्हणून नाकारायचं. काळे वाटाणे यादीत नाहीत, भिजतही घातलेले नाहीत. उरते बटाट्याची भाजी, आणि त्या रात्रीसाठी ती पुरे. बाकीच्या पाच जणांसाठी काजूची उसळ वेगळी करा असा सल्लाही येऊ शकतो. माझं मत स्पष्ट आहे: आठ वर्षांचं मूल पंगतीत बसलेलं असताना त्या जेवणात काजू शिजवू नये. वाढताना डाव बदलतो, शेजारच्या ताटातलं हाताला लागतं.

तळलेल्या बांगड्यांचा रवा गेला, त्याच्या जागी तांदळाचं पीठ आलं. पण ते गिरणीतलं. इथे पर्याय घरातच आहे: तांदूळ निवडून, धुऊन, फडक्यावर कोरडे करून मिक्सरला लावायचे. पीठ जरा जाडसर राहतं आणि माशाला उलट छान कुरकुरीतपणा येतो. सहा बांगड्यांना वाटीभर पीठ भरपूर होतं. सगळ्यांचेच मासे त्याच पिठात घोळवा, म्हणजे रवा त्या रात्री ओट्यावर येतच नाही.

कालवण आणि सोलकढी यांच्यात नारळाची ओढाताण आहे. एका मध्यम नारळाचा चव साधारण दोन वाट्या. सहा जणांच्या कालवणाच्या वाटणालाच दीड वाटी लागते. उरलेल्यात सहा पेले सोलकढी होणार नाही. नेमक्या याच जागी रस्सा दाट करायला काजूची पेस्ट डोकावते. "काजू बंद" हे वर लिहिलेलं असूनही ती सुचवली गेली तर पाचवा नियम पाळला गेला नाही असं समजा आणि पूर्ण तपासणी पुन्हा मागा. चांगला पर्याय असा: नारळ सगळा कालवणाला, आणि सोलकढीच्या जागी फुटी कढी. आगळ, पाणी, ठेचलेली लसूण, हिरवी मिरची, कोथिंबीर. नारळाचं दूध नाही.

तिसरी फेरी, पुन्हा तपासणी. ही फेरी लोक सोडतात. फुटी कढीला पुष्कळ घरांत हिंग लावतात, त्यामुळे मदतनिसाच्या पाककृतीतही ते येतं. पहिल्या यादीत सोलकढी होती, तिच्यात हिंग नव्हतं. अदलाबदलीने ते आलं आणि त्याबरोबर डबीतलं गव्हाचं पीठही. बदललेल्या पदार्थांची पूर्ण यादी पुन्हा ताडून घेतल्याशिवाय हे दिसत नाही. हिंग काढा, लसूण दोन पाकळ्या वाढवा.

याच फेरीत आजोबांचं मीठ पाहा. जागतिक आरोग्य संघटनेची मोठ्या माणसासाठीची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सगळं धरून चहाचा जेमतेम एक सपाट चमचा. आजोबांना डॉक्टरांनी आकडा दिला असेल तर तोच धरायचा. आगळ कालवणात आहे आणि कढीतही आहे, दोन्हीकडे मीठ घेऊनच येतं. पाककृतीत तरीही "चवीपुरतं मीठ" असं आलं तर ते बदलून घ्या: आधी आगळ घाला, चव पाहा, आजोबांची वाटी बाजूला काढा, मग बाकीच्यांसाठी मीठ. कढी आजोबांना द्यायचीच तर अर्धी वाटी, जास्त पाणी घालून.

आता "पुढे" लिहा आणि पाककृती घ्या.

तपासा: आलेल्या पाककृतीतला प्रत्येक जिन्नस बोट ठेवून तुमच्या यादीशी जुळवा. सजावटीची शेवटची ओळ विशेषकरून वाचा. "वरून काजूचे तुकडे", "सोबत गरम पोळी" अशा गोष्टी तिथेच येतात.

## टप्पा ५: वापरण्याआधी प्रॉम्प्टची परीक्षा

पाहुणे यायच्या दिवशी पहिल्यांदा वापरू नका. आधी रिकाम्या वेळी खोटी माणसं आणि खोटं साहित्य घालून पाहा.

- कोळंबीची अ‍ॅलर्जी लिहा आणि "वांगी-सोडे" मागा. बंद यायला हवं.
- काजूची अ‍ॅलर्जी लिहा, नारळ काढून टाका आणि दाट रस्सा मागा. काजू आला तर नियम पाचवा नीट लागलेला नाही.
- सीलिअ‍ॅक लिहा आणि वर्णन न देता नुसते "शिरवाळे" मागा. कशाचे, असा प्रश्न यायला हवा.
- एखाद्या मसाल्याचं तुम्हीच रचलेलं नाव यादीत घाला. त्याचे घटक ठामपणे सांगितले गेले तर तो मदतनीस अंदाज बांधतो, हे कळलं.

प्रत्येक परीक्षा नव्या चॅटमध्ये दोन-तीनदा करा. तोच प्रश्न पुन्हा विचारला तर उत्तर वेगळं येऊ शकतं, आणि एकदा पास झालं म्हणजे नेहमी होईल असं नाही.

चूक: महिनाभर एकच चॅट चालवणं. बोलणं लांबत गेलं की सुरुवातीचे नियम मागे पडतात. शिवाय गेल्या आठवड्यातल्या पाहुण्यांची पथ्यं या आठवड्याच्या जेवणात मिसळतात. प्रत्येक जेवणाला नवं चॅट, आणि प्रत्येक वेळी तिन्ही भाग पूर्ण चिकटवायचे.

चूक: मधेच "अरे हो, काकूंना तीळ चालत नाहीत" असं जोडणं. पुढचे पदार्थ बदलतात, आधी लिहून झालेले तसेच राहतात. नवं माणूस आलं किंवा नवं बंधन कळलं की पहिल्या फेरीपासून सुरुवात.

## टप्पा ६: ओट्यावरचं काम

इथून पुढे प्रॉम्प्टचं काही चालत नाही, सगळं हातांवर आहे. तरी क्रम महत्त्वाचाच.

मिक्सरचं भांडं आधी. काजूची पेस्ट वाटून झाल्यावर भांडं धुतलं तरी पात्याखालच्या रबरात आणि आट्यांत पांढरी रेघ राहते. पातं निघत असेल तर काढून धुवा. निघत नसेल तर त्या जेवणाचं वाटण दुसऱ्या भांड्यात करा. तांदूळही त्याच स्वच्छ भांड्यात.

लाकडी डाव, पोळपाट-लाटणं, पाटा-वरवंटा यांच्या भेगांत आणि खरबरीतपणात पीठ-वाटण अडकतं. ताईंच्या जेवणाला स्टीलचा डाव घ्या.

तेल नवं. काल रवा लावलेली सुरमई तळली असेल तर त्या उरलेल्या तेलात तळाशी रवा बसलेला असतो. गाळून घेतलं तरी ते ताईंना चालणार नाही. कोळंबीची अ‍ॅलर्जी असलेल्यांनाही हाच नियम लागतो, ज्या तेलात कोळंबी तळली ते तेल बाद.

चपात्या करायच्याच असतील तर सगळ्यात शेवटी, ताईंचं जेवण झाकून बाजूला ठेवल्यावर. कणीक मळताना उडणारं पीठ उघड्या पातेल्यात बसतं.

वाढताना प्रत्येक भांड्याला त्याचाच डाव. हिंगाची डबी, रवा आणि काजू त्या दिवशी ओट्यावरून उचलून ठेवा. सवयीने हात जातोच.

डब्या आणि पाकिटं टाकून देऊ नका, जेवण होईपर्यंत राहू द्या. कुणाला काही झालं तर डॉक्टरांना घटक दाखवता येतात. जेवताना ओठ-जीभ सुजणं, अंगभर गांधी उठून सोबत उलट्या होणं, आवाज बसणं, धाप लागणं, चक्कर येणं यांतलं काही दिसलं तर फोनवर काही शोधत बसू नका. डॉक्टरांनी आधीच अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन लिहून दिलेलं आणि जवळ असेल तर ते सांगितल्याप्रमाणे ताबडतोब द्या. अ‍ॅलर्जीची गोळी त्याची जागा घेत नाही. १०८ ला फोन करा, माणसाला आडवं करून पाय वर घ्या, धाप लागत असेल तर टेकून बसू द्या, उभं करून चालवू नका. आपल्याकडे वाडीपासून रुग्णालय लांब असतं आणि घाटीची वाट असेल तर आणखी वेळ जातो. म्हणून पाहुण्यांची नोंद घेतानाच जवळचं चोवीस तास उघडं असलेलं रुग्णालय कोणतं आणि रात्री गाडी कोणाची मिळेल, हे त्याच कागदाच्या मागे लिहून ठेवा.